गमावलेला हिस्सा नेमका कुणाचा?

गेल्या उन्हाळ्यात कात्रजच्या बाजूला राहणाऱ्या, टाक्या धुण्याचा व्यवसाय करणाऱ्या एका काकांनी मला व्हॉट्सॲपवर एक अहवाल पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं : "ताई, पंचावन्न टक्के गिऱ्हाईक हातचं जातंय म्हणे. बजेट तिप्पट करू का?"

काकांकडे दोन टीम आहेत. सोसायट्यांच्या जमिनीखालच्या आणि गच्चीवरच्या टाक्या उपसायच्या, गाळ काढायचा, घासून धुवायच्या, हे काम. गूगलवर कुणी पुण्यात टाकी साफ करणाऱ्याला शोधलं की काकांची जाहिरात वर दिसावी म्हणून रोजचे ₹600 ते घालत होते. म्हणजे महिन्याला साधारण ₹18,000. जाहिरात लावून देणाऱ्या आधीच्या माणसाने अहवालात तो 55चा आकडा लाल रंगात दाखवला होता आणि बजेट रोज ₹1,700 करावं असा सल्ला दिला होता. मी लहान व्यावसायिकांच्या गूगल जाहिराती सांभाळते. हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला जातो, की काकांच्या परवानगीने त्यांचाच हिशेब इथे मांडते आहे. आकडे तेवढे सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

आधी त्या तीन रकान्यांचा अर्थ. हे रकाने अहवालात आपोआप येतातच असं नाही, बहुतेक वेळा ते आपल्याला निवडून घ्यावे लागतात. पडद्यावर त्यांची नावं अशी दिसतात : `Search impr. share`, `Search lost IS (budget)` आणि `Search lost IS (rank)`. पहिला म्हणजे इम्प्रेशन शेअर, आपण त्याला दर्शनाचा हिस्सा म्हणू. दुसरा बजेटपायी गेलेला हिस्सा, तिसरा रँकपायी गेलेला. तिघांची बेरीज शंभर होते. काकांच्या अहवालात ते 30, 55 आणि 15 होते.

गूगलवर कुणी काही शोधलं की तिथल्या तिथे, क्षणार्धात, एक लिलाव होतो. तुमचे कीवर्ड, तुम्ही निवडलेलं गाव आणि वेळ या सगळ्यांत तो शोध बसत असेल तर त्या लिलावात उतरायला तुम्ही पात्र असता. महिनाभरात अशा किती शोधांत तुमची जाहिरात दिसू शकली असती, याचा गूगल एक अंदाज काढतं. प्रत्यक्षात ती दिसली त्यांपैकी किती वेळा, ते झालं इम्प्रेशन शेअर. काकांची जाहिरात 15,000 वेळा दिसली होती आणि हिस्सा होता 30 टक्के. म्हणजे पात्र शोध झाले 50,000. त्यातले 27,500 बजेटपायी गेले आणि 7,500 रँकपायी.

बजेटपायी जाणं म्हणजे काय, याबद्दल बहुतेकांचा एक गैरसमज असतो. सकाळपासून पैसे खर्च होत जातात, दुपारी दोनला संपतात आणि मग दुकान बंद, असं चित्र मनात असतं. पूर्वी पैसे झपाट्याने खर्च करण्याचा पर्याय होता, तो शोध-जाहिरातींसाठी 2019मध्ये काढून टाकला गेला. आता गूगल पैसे दिवसभर पुरवून वापरतं. म्हणजे बजेट कमी असेल तर सकाळी नऊलाही काही शोधांत जाहिरात दिसते आणि काहींत मुद्दाम मागे ठेवली जाते. म्हणून काका स्वतःच्या फोनवर शोधून बघायचे तेव्हा कधी जाहिरात दिसायची, कधी नाही, आणि त्यांना वाटायचं काहीतरी बिघडलंय. तसं काही बिघडलेलं नव्हतं.

रँकपायी जाणं याहून वेगळं. तिथे पैसे शिल्लक असतात, पण लिलावात तुमचा क्रम पुरेसा वर लागत नाही. हा क्रम फक्त बोलीवर ठरत नाही. त्या क्षणी तुमच्या जाहिरातीवर क्लिक होण्याची शक्यता किती, ती त्या शोधाशी किती जुळते, क्लिक केल्यावर उघडणारं पान कसं आहे, माणूस कुठून आणि कोणत्या फोनवरून शोधतोय, हे सगळं त्यात येतं. शिवाय एक किमान पातळी असते. तिच्याखाली राहिलात तर वरची जागा रिकामी असली तरी तुमची जाहिरात तिथे लागत नाही.

आता काकांचा प्रश्न. त्यांना सल्ला देणाऱ्याने हिशेब केला होता तो असा : ₹600मध्ये 30 टक्के मिळतात, तर 85 टक्क्यांसाठी ₹1,700 लागतील. त्रैराशिक म्हणून बरोबर आहे. पण त्यात एक गोष्ट धरून चालली आहे, की ते 50,000 शोध सगळे एका जातीचे आहेत, म्हणजे गेलेल्या 27,500 शोधांमागे टाकी धुऊन हवी असलेला माणूस होता. अहवालातला एकही रकाना असं म्हणत नाही. पात्र शोध याचा अर्थ एवढाच, की तुम्ही जे जाळं टाकलं त्यात तो शोध सापडू शकला असता. जाळं कसं टाकायचं ते तुम्ही ठरवलेलं असतं. हा भागाकार करताना खालचा आकडा आपणच घडवलेला असतो, आणि वरच्या टक्केवारीकडे पाहण्याआधी तो आकडा उघडून बघायला हवा.

तो उघडण्याची जागा म्हणजे `Search terms`. लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप केलं, ते इथे दिसतं. पूर्ण यादी मिळत नाही, कारण अगदी थोड्या लोकांनी केलेले शोध गूगल 2020पासून झाकून ठेवतं. पण जेवढं दिसतं तेवढं बहुधा पुरतं. मी काकांच्या घरी, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ती यादी उघडली. काकू शेजारी बसल्या होत्या, कारण फोन त्याच घेतात.

पहिल्या दहा ओळींत काही अपेक्षित होतं : water tank cleaning pune, tanki saaf karne wale, sump cleaning near me. पण त्यांच्यामध्येच 1000 litre water tank price होतं. त्याखाली टाकीच्या एका प्रसिद्ध कंपनीचं नाव आणि पुढे dealer. मग टाकी धुण्याच्या मशीनची किंमत. मग टाकीची पातळी दाखवणारं यंत्र. काकू म्हणाल्या, "अहो, म्हणूनच! रोज दोन-तीन जण विचारतात, पाचशे लिटरची टाकी केवढ्याला. मी म्हणते आम्ही विकत नाही, धुतो."

कारण सापडायला वेळ लागला नाही. कीवर्डांच्या यादीत नुसता water tank हा शब्द होता आणि तोही सैल जुळणीवर, म्हणजे ब्रॉड मॅचवर. त्यामुळे टाकीशी दूरान्वयानेही संबंध असलेला कुठलाही शोध जाळ्यात येत होता. 750 क्लिकपैकी जवळजवळ 300 क्लिक टाकी विकत घेणाऱ्यांचे होते. एका क्लिकला सरासरी ₹24 पडत होते, म्हणजे ₹7,200 तिथे गेले. त्यातून एकही काम आलं नाही. जी 30 कामाची चौकशी आली ती उरलेल्या 450 क्लिकमधून. दर 15 क्लिकमागे एक.

दुसरी चूक गावाच्या निवडीत होती. पुणे निवडलेलं असलं तरी मूळ मांडणीत गूगल पुण्यात असलेल्यांबरोबरच पुण्यात रस दाखवणाऱ्यांनाही धरतं. हॉटेलवाल्याला हे हवंच असतं. टाकी धुणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही. ते बदलून फक्त प्रत्यक्ष पुण्यात असलेल्यांपुरतं ठेवलं. नुसता water tank हा कीवर्ड बंद केला. price, dealer, litre, machine असे शब्द निगेटिव्ह कीवर्ड म्हणून टाकले, म्हणजे ते शब्द असलेल्या शोधात जाहिरात उतरणारच नाही. litre टाकताना मी जरा थांबले, कारण 'दहा हजार लिटरची टाकी धुवायला किती' असंही कुणी विचारतं. यादीत ते शोध दिसत होते, म्हणून तो शब्द पुन्हा काढला आणि त्याऐवजी विक्रीचे पूर्ण वाक्प्रयोग टाकले. निगेटिव्ह शब्द घाईने टाकले तर खरं गिऱ्हाईकही बाहेर राहतं, आणि ते बाहेर राहिलेलं कुठल्याही रकान्यात दिसत नाही. जाळ्याबाहेरचा शोध पात्रच धरला जात नाही, मग तो गमावलेल्यातही मोजला जात नाही.

बजेट मात्र एका रुपयाने वाढवलं नाही.

पुढच्या महिन्याचे आकडे काकांनी पाहिले तेव्हा ते जरा बिचकले. जाहिरात आधी 15,000 वेळा दिसायची, आता 9,600 वेळाच दिसली. क्लिक तेवढेच, 750. रँकपायी गेलेला हिस्सा 15 टक्क्यांवरून 20वर गेला होता. "हे वाढलं की!" काका म्हणाले.

हीच जागा आहे जिथे अहवाल वाचणारा सगळ्यात जास्त फसतो. पात्र शोध आता 50,000 नव्हते, 15,000 होते. त्यांपैकी 9,600 म्हणजे 64 टक्के दर्शन मिळालं. रँकपायी गेलेले 20 टक्के म्हणजे 3,000 शोध, आधीचे 15 टक्के म्हणजे 7,500 होते. टक्का वाढला आणि संख्या निम्म्याहून खाली आली. बजेटपायी गेलेला हिस्सा 55वरून 16वर आला, म्हणजे 2,400. दोन महिन्यांची टक्केवारी शेजारी ठेवायची असेल तर आधी दोन्ही महिन्यांतला पात्र शोधांचा आकडा काढून बघावा. दर्शनसंख्येला हिस्स्याने भागलं की तो येतो. तो बदललेला असेल तर टक्क्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. आणि खरी गोष्ट टेलिफोनच्या वहीत होती. काकूंनी कामाच्या 50 चौकशा लिहिल्या होत्या. एका चौकशीचा खर्च ₹600 होता, तो ₹360 झाला.

उरलेला 20 टक्के रँकचा हिस्सा समजून घ्यायला क्वालिटी स्कोअर उपयोगी पडतो, पण तो कसा वाचायचा हे आधी सांगायला हवं. हा स्कोअर 1 ते 10मध्ये असतो आणि तो फक्त कीवर्डला मिळतो. पूर्ण मोहिमेला किंवा खात्याला असा काही गुण नसतो. त्यामागे तीन घटक आहेत : क्लिक होण्याची अपेक्षित शक्यता, जाहिरातीचा शोधाशी मेळ आणि लँडिंग पेजचा अनुभव, म्हणजे क्लिकनंतर उघडणाऱ्या पानाचा. तिघांना गुण मिळत नाहीत, फक्त शेरा मिळतो : सरासरीपेक्षा वर, सरासरी किंवा सरासरीपेक्षा खाली. ही सरासरी म्हणजे गेल्या 90 दिवसांत त्याच कीवर्डवर जाहिरात करणारे बाकीचे. म्हणजे तुम्ही काहीही बदललं नाही आणि शेजाऱ्याने आपलं पान सुधारलं, तर तुमचा स्कोअर घसरू शकतो. शिवाय तो ज्या शोधांत नेमका तोच कीवर्ड टाइप झाला त्यांच्यावरून काढला जातो. सैल जुळणीने आलेल्या शोधांत तुमचं काय चाललंय, ते त्यातून कळत नाही. पुरेसे शोध नसले तर तिथे गुणाऐवजी एक आडवी रेघ दिसते. ती रेघ शून्य नव्हे.

आणि लिलावात हा 1 ते 10चा आकडा वापरलाच जात नाही, हे गूगलने स्वतःच सांगितलेलं आहे. लिलावाच्या क्षणी गुणवत्तेचा अंदाज त्या-त्या शोधासाठी नव्याने केला जातो. आपल्याला दिसणारा स्कोअर म्हणजे डॉक्टरने काढून दिलेलं ब्लड प्रेशर. दुखणं कुठे आहे ते शोधायला त्याची मदत होते, पण नुसता आकडा खाली आणून रुग्ण बरा होत नाही. मी स्कोअरकडे क्वचित बघते, त्याखालच्या तीन शेऱ्यांकडे बघते.

काकांच्या जुन्या अहवालात 'सरासरी क्वालिटी स्कोअर 6.5' असं ठळक छापलेलं होतं. तो कसा आला हे मी काकांना दाखवलं. चार कीवर्ड होते. त्यांच्या व्यवसायाच्या नावाला 10 गुण होते, कारण नाव टाइप करणारा माणूस त्यांनाच शोधत असतो. पण ते महिन्यात कसंबसं शेकडा-दोनशे वेळा शोधलं जाई. सोसायटीच्या टाक्यांबद्दलच्या एका लांबलचक कीवर्डला 8 होते, तोही क्वचितच शोधला जाणारा. water tank cleaning या मुख्य कीवर्डला 5 आणि नुसत्या water tankला 3. चौघांची बेरीज 26, भागिले चार, 6.5. पण जवळजवळ सगळा खर्च खालच्या दोघांवर होत होता. अशी सरासरी काढायचीच असेल तर प्रत्येक कीवर्डला त्याच्या दर्शनसंख्येचं वजन द्यायला हवं, आणि तरी त्यातून कृती सुचत नाही. जिथे पैसा जातो त्या दोन-तीन कीवर्डांच्या ओळी वाचाव्यात, एवढं पुरतं.

त्या 3 गुणांबद्दलही एक सांगण्यासारखं आहे. आधीच्या माणसाने तो वाढवण्यासाठी जाहिरातीच्या मजकुरात water tank हे शब्द तीन ठिकाणी घातले होते. पण water tank टाइप करणाऱ्या बहुतेकांना टाकी विकत हवी होती. ते धुण्याच्या जाहिरातीवर क्लिक करत नव्हते, आणि ते योग्यच होतं. अशा वेळी कमी गुण हे जाहिरातीचं अपयश नसतं. हा शोध तुमचा नाही, एवढंच गूगल सांगत असतं. असा कीवर्ड सुधारायचा नसतो, सोडून द्यायचा असतो.

water tank cleaningची गोष्ट वेगळी होती. तो त्यांचा मुख्य धंदा. शेरे असे : क्लिकची शक्यता सरासरी, मेळ सरासरी, लँडिंग पेज सरासरीपेक्षा खाली. मी काकांच्या फोनवर, त्यांच्याच मोबाइल डेटावर, ते पान उघडलं. सुरुवातीला एक मोठं चित्र हळूहळू उतरत होतं. मग झुरळं-ढेकणांचा बंदोबस्त, सोफा धुणे, आणि तिसऱ्या भागात टाकी. दर कुठेच नव्हते. फोन नंबर अगदी तळाशी, तोही चित्रात छापलेला, म्हणजे बोट लावून फोन लागणार नाही. टाकी धुऊन हवी असलेल्या माणसाने या पानावर काय करावं?

काकांच्या पुतण्याने दोन दिवसांत टाकीपुरतं एक वेगळं पान केलं. वर एका ओळीत काम, खाली टाकीच्या आकाराप्रमाणे दर, कोणत्या भागांत जातो त्यांची नावं, धायरी, आंबेगाव, कोथरूड वगैरे, टाकी धुताना पाणी किती वेळ बंद ठेवावं लागेल हे, आणि पडद्याच्या तळाशी कायम दिसणारं फोनचं बटण. जड चित्रं काढली. मजकूर मराठीत आणि इंग्रजीत. जाहिरातीतही 'टाकी धुण्याचे दर पाहा' असं आलं, कारण आता दर खरोखर तिथे होते.

स्कोअर लगेच हलला नाही. 90 दिवसांचा हिशेब असल्याने तो हळूहळूच हलतो. काही आठवड्यांनी पानाचा शेरा 'सरासरी' झाला, क्लिकच्या शक्यतेचा 'सरासरीपेक्षा वर', आणि कीवर्डचा गुण 5वरून 7. पण त्याआधीच एका क्लिकची किंमत उतरायला लागली होती. ₹24ची ₹21 झाली. त्याच ₹18,000मध्ये 750ऐवजी सुमारे 857 क्लिक आले. इम्प्रेशन शेअर 64वरून 73वर गेला, रँकपायी जाणारा हिस्सा 20वरून 13वर.

इथे बजेट आणि रँक या दोन रकान्यांचं एकमेकांशी असलेलं नातं दिसतं. ते दोन स्वतंत्र आजार नाहीत. क्रम सुधारला की तुम्ही जास्त लिलावांत उतरता, आणि क्लिकची किंमत तीच राहिली तर पैसे लवकर अपुरे पडतात. रँकचा तोटा बजेटच्या रकान्यात सरकतो. काकांचं तसं झालं नाही, कारण क्लिकही स्वस्त झाला. बोली वाढवून हेच केलं असतं तर? बजेट आधीच अपुरं असताना बोली वाढवणं म्हणजे तेवढ्याच पैशात महाग भाजी घेणं. क्रम वर जातो, क्लिक कमी येतात, बजेटपायी गेलेला हिस्सा फुगतो, आणि पुढच्या अहवालात पुन्हा 'बजेट वाढवा' असं येतं. उलट, बजेटपायी मोठा हिस्सा जात असेल आणि रँकपायी थोडा, तर बोली थोडी उतरवून पाहणं हा पहिला प्रयोग असायला हवा. ₹24ने 750 क्लिक येतात तिथे ₹20ने 900 येतील. त्याला हद्द आहे. फार उतरवली की जाहिरात वरच्या जागेवरून खाली घसरते, तिथे क्लिक फारच कमी होतात, आणि रँकचा रकाना वाढू लागतो. म्हणून थोडं उतरवायचं, दोन आठवडे थांबायचं, आणि एकूण इम्प्रेशन शेअर आणि चौकशीचा खर्च दोन्ही बघायचे. आपोआप बोली लावणारी पद्धत निवडलेली असेल तर हा प्रयोग थेट करता येत नाही, कारण तिथे दिलेलं बजेट खर्च होईल अशा बेताने गूगलच बोली वरखाली करतं. तिथे बजेटपायी गेलेला हिस्सा कमी दिसला म्हणून निश्चिंत होता येत नाही.

काकांच्या अहवालात आता बजेटपायी गेलेले 14 टक्के उरले होते. ते तरी घ्यावेत का? हा रकाना एक अडचण करतो : तो पूर्ण मोहिमेसाठी मिळतो, पण एकेका कीवर्डसाठी मिळत नाही. त्यामुळे पैसे नेमक्या कोणत्या कीवर्डवर कमी पडले ते थेट कळत नाही. महत्त्वाचा कीवर्ड वेगळ्या मोहिमेत काढून ठेवला तरच कळतं. दिवसाप्रमाणे मात्र तोडून बघता येतं, आणि तसं मी बघितलं. इतर दिवशी हा आकडा चार-पाच टक्क्यांच्या आत होता. बुधवारी तो चाळीसच्या पुढे गेलेला.

बुधवारच का, हे मला लॅपटॉपने सांगितलं नाही, काकूंनी सांगितलं. पुण्यात देखभालीच्या कामासाठी पाणी बंद ठेवायचं तर ते बहुधा गुरुवारी असतं. आदल्या दिवशी सूचना आली, की सोसायटीचे सेक्रेटरी विचार करतात, टाकी तशीही रिकामी होणार आहे तर धुऊन घेऊ. त्यामुळे बुधवारी शोध दुपटीहून जास्त होतात. गूगल एखाद्या दिवशी ठरलेल्या बजेटच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकतं आणि महिन्याचा हिशेब रोजच्या बजेटच्या 30.4 पटीत बसवतं, पण बुधवारची गर्दी त्यालाही पुरून उरत होती.

मी हिशेब मांडला. बुधवारचं बजेट वाढवलं, तर महिन्याला ₹3,000 ते ₹4,000 जास्त लागतील आणि दहाएक चौकशा वाढतील. ₹33,000च्या वाढीपेक्षा हे फारच वेगळं होतं, आणि मला वाटलं काका लगेच हो म्हणतील. काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी वही पुढे केली. मागच्या चारही गुरुवारी दोन्ही टीम सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत भरलेल्या होत्या. दोन गुरुवारी तर त्यांनी बुधवारी संध्याकाळी आलेली कामं शनिवारवर ढकलली होती, आणि त्यातली निम्मी लोकांनी नको म्हटली होती. "बुधवारी अजून फोन आले तर मी फक्त नाही म्हणायला उचलणार," काकू म्हणाल्या.

तेव्हा तो 14 टक्क्यांचा आकडा आहे तसाच ठेवला. त्याऐवजी काकांनी पानावर एक ओळ वाढवून घेतली, शनिवार-रविवारी टाकी धुऊन घेणाऱ्यांना दरात सवलत. मोहिमेच्या नावापुढे `Limited by budget` असं अजूनही दिसतं. काका आता मला त्याबद्दल विचारत नाहीत. ते विचारतात, शनिवारी किती फोन आले.